रग्बीत सारखी शिट्टी का वाजते? पहिल्यांदा सामना बघणाऱ्यांसाठी

रग्बी पहिल्यांदा बघणारा माणूस दहाव्या-पंधराव्या मिनिटाला हमखास विचारतो, "आता शिट्टी का वाजली?" माझ्या भाचीनेही तेच विचारलं. ती शाळेच्या संघातून कबड्डी खेळते, त्यामुळे धडक, पकड, अंगाला अंग भिडणं याचं तिला नवल नव्हतं. आम्ही 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं होतं, दक्षिण आफ्रिका विरुद्ध इंग्लंड. एका खेळाडूला आडवं पाडलं, त्याच्यावर दोन्हीकडचे चार-पाच जण येऊन वाकले, रेटारेटी झाली आणि शिट्टी वाजली.

"मामा, पकड झाली ना? मग संपलं की. आता हे कशाला भिडतायत?"

तिच्या या प्रश्नातच अख्खा खेळ आहे. कबड्डीत पकड पूर्ण झाली की चढाई संपते. रग्बी लीग या भावंड खेळातही खेळाडू पडला की क्षणभर थांबतात आणि चेंडू बहुतेक वेळा त्याच संघाकडे राहतो. आम्ही बघत होतो त्या रग्बी युनियनमध्ये मात्र खेळाडू पडला की चेंडू कोणाचा हा प्रश्न पुन्हा उघडा होतो. पाडलेल्याचे साथी तो राखायला धावतात, समोरचे तो काढून घ्यायला धावतात, आणि हे एका सामन्यात शंभर-दीडशे वेळा घडतं. बहुतेक नियम, आणि बहुतेक शिट्ट्या, त्या दोन-तीन सेकंदांसाठी आहेत.

खालचा क्रम मी तिला समजावताना बसत गेला. याच क्रमाने बघितलंत तर दुसऱ्या सामन्यापासून समालोचकाची फारशी गरज लागणार नाही.

आधी एवढं पुरे

एका संघात 15 जण. 1 ते 8 नंबरचे फॉरवर्ड, म्हणजे धिप्पाड, रेटणारे. 9 ते 15 नंबरचे बॅक, म्हणजे पळणारे आणि लाथाडणारे. सामना 80 मिनिटांचा, 40-40 ची दोन सत्रं. समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, 5 गुण. त्यानंतर खांबांमधून मारण्याची संधी मिळते, ती साधली की आणखी 2. समोरच्याच्या मोठ्या चुकीबद्दल मिळालेली पेनल्टी खांबांमधून गेली की 3, आणि चालू खेळात चेंडू टप्पा पाडून मारलेला ड्रॉप गोलही 3. गुणांचं एवढं लक्षात असलं की झालं. 3 आणि 5 हे दोन आकडे मात्र विसरू नका, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

पहिली पायरी: चेंडू मागे, माणसं पुढे

हाताने चेंडू पुढे देता येत नाही. आडवा द्या, मागे द्या. पुढे न्यायचा असेल तर घेऊन पळा, नाहीतर पायाने मारा. हातातून चेंडू पुढे सांडला तर तो नॉक-ऑन, हाताने पुढे फेकला तर फॉरवर्ड पास. दोन्ही चुका हलक्या समजल्या जातात. पंच समोरच्या संघाला स्क्रम देतो आणि खेळ पुढे चालू होतो.

नवा प्रेक्षक अडखळतो तो इथे: पास डोळ्यांना सरळ सरळ पुढे गेलेला दिसतो आणि पंच काहीच करत नाही. याचं उत्तर लोकल ट्रेनमध्ये सापडतं. धावत्या डब्यात बसून मागच्या बाकावरच्या मित्राकडे चेंडू फेकलात, तर डब्यातल्या सगळ्यांना तो मागे गेलेला दिसेल. फलाटावर उभ्या माणसाला मात्र तोच चेंडू गाडीबरोबर पुढे निघालेला दिसेल. पळणाऱ्या खेळाडूच्या हातातला चेंडूही आधीपासून त्याच्याच वेगाने पुढे चाललेला असतो.

आकडे घालून बघा. खेळाडू सेकंदाला 7 मीटर वेगाने पळतोय. त्याने हात मागे नेत, स्वतःच्या मानाने सेकंदाला 2 मीटर वेगाने चेंडू मागे सोडला. जमिनीच्या मानाने चेंडू अजूनही सेकंदाला 5 मीटर पुढेच जातोय. साथीदाराच्या हातात पोचायला 0.8 सेकंद लागले, म्हणजे सोडला त्या रेषेच्या 4 मीटर पुढे तो झेलला गेला. मैदानावरच्या पांढऱ्या रेषांशी ताडलं तर पास उघड उघड पुढे दिसतो. पण पास देणारा तसाच पळत राहिला असेल तर तेवढ्या वेळात तो 5.6 मीटर पुढे गेलेला असतो, आणि चेंडू त्याच्या मागेच राहतो. पास कायदेशीर आहे.

म्हणून नियम रेषा बघत नाही, हात बघतो. पास देताना हातांची हालचाल समोरच्या गोलरेषेकडे झाली तर पास पुढे. त्यामुळे दोन गोष्टी पाहायची सवय लावा. एक, चेंडू सुटताना मनगटं आणि तळवे कुठे वळले होते. दोन, पास देणारा पळत राहिला असेल तर झेलणारा त्याच्या पुढे होता की मागे. दुसरी खूण दर वेळी उपयोगी पडत नाही, कारण पास देणाऱ्याला बरेचदा त्याच क्षणी कोणीतरी पाडतं. तो जागीच थांबतो, चेंडू पुढे जातो, आणि निर्दोष पासही भयंकर पुढे गेल्यासारखा वाटतो. प्रेक्षक सगळ्यात जास्त ओरडतात ते अशा पासांवर. तिथे फक्त हात बघायचे.

खरोखर पुढे गेलेला आणि सुटून गेलेला पास बघायचा असेल तर 2007 च्या विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी शोधा, कार्डिफमधली, फ्रान्स विरुद्ध न्यूझीलंड. न्यूझीलंड 18-13 ने पुढे होतं. शेवटची दहा-अकरा मिनिटं उरली असताना फ्रान्सच्या दामियां त्राय याने फ्रेदेरिक मिशालाकला पास दिला, तो पुढे होता. पंच वेन बार्न्स यांच्या नजरेतून तो निसटला. मिशालाक मुसंडी मारून गेला, त्याने यानिक जोझियोंला चेंडू दिला आणि ट्राय झाली. वरचे 2 गुणही मिळाले, फ्रान्स 20-18 ने जिंकलं. तेव्हा व्हिडिओ पंचाला गोलरेषेपाशी घडलेल्या गोष्टीपुरतंच विचारता येत असे, मागे जाऊन पास तपासण्याची सोय नव्हती. आज ती आहे. ट्राय झाल्यावर पंच कानातल्या यंत्रावर बोलत थांबलेला दिसला तर बहुधा हीच तपासणी चाललेली असते.

दुसरी पायरी: स्क्रम

नॉक-ऑन किंवा फॉरवर्ड पास झाला की खेळ पुन्हा चालू करण्याची रीत म्हणजे स्क्रम. दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड वाकून एकमेकांत गुंफतात आणि मधल्या बोगद्यात चेंडू टाकला जातो. ज्या संघाची चूक नाही त्यांचा 9 नंबर, स्क्रम-हाफ, चेंडू टाकतो. त्यांचा 2 नंबर, हूकर, तो टाचेने मागे ओढतो. चेंडू आठ जणांच्या पायांखालून मागे येतो आणि 9 नंबर तो उचलून पुढचा खेळ सुरू करतो. चेंडू टाकणाऱ्याचंच पारडं जड असतं, दहातले जवळपास नऊ स्क्रम त्यांनाच मिळतात. मग त्यासाठी एवढी रेटारेटी का? कारण इथे लढाई चेंडूपेक्षा पेनल्टीची असते.

हे कळायला पहिली ओळ नीट बघावी लागते. तिथे तिघं असतात: डावीकडे 1 नंबरचा लूजहेड प्रॉप, मध्ये हूकर, उजवीकडे 3 नंबरचा टाइटहेड प्रॉप. दोन्ही ओळींची डोकी एकाआड एक अडकतात, त्यामुळे 1 नंबरचं डोकं एका बाजूने मोकळं राहतं आणि 3 नंबरचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये सापडतं. टाइटहेडवर दोन बाजूंनी भार येतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर एकेका बाजूच्या आठांचं वजन नऊशे किलोच्या आसपास भरतं, आणि त्या सगळ्या रेट्याचं टोक या माणसाच्या मानेवर आणि पाठीवर येऊन टेकतं. टाइटहेड हलला की स्क्रम हलला.

मान मोडण्याचा धोका खरा असल्याने भिडण्याची रीत 2013 पासून तीन हुकमांत बांधली आहे. पंच म्हणतो "क्राउच", सगळे वाकतात. मग "बाइंड", दोन्हीकडचे प्रॉप समोरच्याची जर्सी पाठीवर किंवा बरगडीच्या बाजूला पकडतात. मग "सेट", आणि दोन्ही ओळी एकमेकींत घुसतात. चेंडू आत येईपर्यंत रेटायला मनाई. आधी रेटलं तर फ्री-किक.

आता स्क्रम कोसळतो तेव्हा काय बघायचं? भाचीला मी सांगितलं, चेंडू विसर, प्रॉपचं कोपर बघ. समोरच्याला धरलेलं कोपर वर किंवा खांद्याच्या रेषेत असेल तर तो भार पेलतोय. कोपर जमिनीकडे वळलं की तो समोरच्याला खाली ओढतोय, किंवा स्वतःच खाली चाललाय. दुसरी खूण कमरेची. खांदे कमरेपेक्षा खाली गेले तर तो कमरेत मोडला, आणि यात चूक त्याचीच धरतात. तिसरी खूण दिशेची. प्रॉपने सरळ रेटायला हवं. तो तिरपा होऊन समोरच्या हूकरच्या छातीत घुसत असेल तर तीही पेनल्टी. या तीन खुणांनी बरेच कोसळलेले स्क्रम उलगडतात. सगळे नाही. कधी पावसात पाय घसरतात आणि कोणाचीच चूक नसते, तेव्हा पंच स्क्रम पुन्हा लावायला सांगतो. कधी दोन्ही प्रॉप एकाच क्षणी खाली जातात आणि पंच जो संघ मागे हटत होता त्याच्यावर शिट्टी वाजवतो. अनुभवी प्रॉपसुद्धा अशा निर्णयांवर तासभर वाद घालतात, त्यामुळे तुम्हाला कळलं नाही तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आम्ही बघत होतो तो योकोहामाचा सामना याच ठिकाणी फिरला. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर डोक्याला मार लागून बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या डॅन कोलला जवळजवळ पूर्ण सामना खेळावा लागला, आणि त्याच्यासमोर होता "बीस्ट" म्हणून ओळखला जाणारा तेंडाई म्तावारिरा. स्क्रम लागला की इंग्लंडची उजवी बाजू वर उचलली जायची किंवा मागे हटायची, आणि पंचांचा हात आफ्रिकेकडे जायचा. इंग्लंडच्या हातून साधा नॉक-ऑन झाला तरी त्याची शिक्षा एका स्क्रमवर संपत नव्हती. त्या स्क्रममधून पेनल्टी निघायची. त्यात आफ्रिकेने राखीव खेळाडूंत सहा फॉरवर्ड ठेवले होते. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच त्यांनी ताजे प्रॉप उतरवले आणि दबाव तसाच ठेवला.

तिसरी पायरी: पाडल्यानंतरचे तीन सेकंद

आता रक. सगळ्यात जास्त शिट्ट्या इथे वाजतात, म्हणून इथे सावकाश जाऊ. मी भाचीला रेकॉर्डिंग थांबवून थांबवून दाखवलं होतं, तसंच इथे सांगतो.

चेंडू घेऊन पळणारा पडला. त्याला धरून पाडणारा त्याच्यासोबत जमिनीवर आहे. या क्षणी तीन माणसांवर तीन बंधनं एकदम लागू होतात.

पाडणाऱ्याने ताबडतोब पकड सोडायची आणि बाजूला लोळून निघून जायचं. तो चेंडूच्या अंगावर पडून राहिला तर समोरच्यांना चेंडू मिळत नाही. पंच हाताने गोल फिरवल्याची खूण करतो ती यासाठी.

पडलेल्यानेही चेंडू ताबडतोब सोडायचा. पडता पडता अंग वळवून, हात लांब करून आपल्या बाजूला चेंडू ठेवायची मुभा त्याला आहे, पण ती एकाच हालचालीत. छातीशी कवटाळून बसला तर पेनल्टी. पंच दोन्ही हात छातीशी आवळून दाखवतो.

तिसरा माणूस धावत येणारा. तो कोणत्याही संघाचा असो, त्याने आपल्या पायांवर उभं राहायचं आणि आपल्या बाजूने यायचं. याला रग्बीवाले "गेट" म्हणतात, म्हणजे दार. पडलेल्या माणसांच्या मागे, त्यांच्या अंगांच्या रुंदीएवढं एक दार आहे असं समजा. त्या दारातूनच आत यायचं, बाजूच्या भिंतीतून घुसायचं नाही. भाचीला हे पटकन पटलं. पडद्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "म्हणजे हा इकडून आला ते चुकीचं." बरोबर तेच.

आता समोरच्या संघाचा एक चपळ खेळाडू, बरेचदा 7 नंबर, दारातून आला, पायांवर उभा राहिला आणि त्याने वाकून चेंडूवर हात टाकले. याला जॅकल म्हणतात. हा हात वैध आहे, कारण अजून रक झालेला नाही. पडलेल्याने चेंडू धरून ठेवला तर पेनल्टी जॅकलला मिळते. म्हणून पडलेल्याचे साथी धावत येतात आणि त्याला रेटून हटवायचा प्रयत्न करतात.

दोन्ही संघांचा किमान एकेक खेळाडू पायांवर उभा राहून चेंडूच्या वर एकमेकांना भिडला की तो रक. या क्षणापासून हात बंद. चेंडू पायांनी मागे घ्यायचा किंवा समोरच्याला रेटून चेंडू आपल्या बाजूला राहील असं करायचं. एक सवलत आहे: ज्याचे हात रक होण्याआधीच चेंडूवर होते आणि जो अजून पायांवर आहे, तो हात ठेवू शकतो. त्यामुळे जॅकलचे हात भिडण्याआधी पोचले की नंतर, हा अर्ध्या सेकंदाचा प्रश्न पंचाला दर वेळी सोडवावा लागतो. सोबत तो हेही पाहतो की जॅकल स्वतःच्या पायांवर आहे की पडलेल्यावर ओणवा होऊन त्याने तळहात जमिनीला टेकवलेत. टेकवले असतील तर तो उभा नाही, आणि मग शिट्टी उलट बाजूला जाते.

रक झाला की ऑफसाइडची रेषाही बनते. ती सगळ्यात मागच्या पायाशी आडवी कल्पायची. बचाव करणाऱ्यांनी तिच्या मागे थांबायचं. चेंडू बाहेर यायच्या आत कोणी पुढे सरकला तर पेनल्टी. दूरदर्शन संचावर ही चूक हुकते, कारण कॅमेरा चेंडूवर असतो आणि सरकणारा बहुतेक वेळा पडद्याच्या कडेला. कानावर पंचाचा आवाज मात्र येतो: "युज इट". म्हणजे चेंडू सुटून मागच्या पायाशी आलाय, पाच सेकंदांत खेळात आणा.

पंचाचा हात

शिट्टीनंतर हात बघितला की कोणती शिक्षा हे लगेच कळतं. हात आडवा आणि एका संघाकडे: स्क्रम, हलकी चूक. कोपरात वाकवून वर: फ्री-किक, मधली चूक, यात थेट खांबांकडे मारता येत नाही, आणि 2024 पासून स्क्रमही मागता येत नाही. सरळ, तिरपा वर: पेनल्टी. शिट्टी न वाजवताच हात बाजूला आडवा धरलाय असं दिसलं तर तो ॲडव्हान्टेज. चूक झाली आहे, पण समोरच्याला खेळू द्यायचंय. फायदा नाही झाला तर पंच मागे येऊन त्या चुकीची शिक्षा देतो, स्क्रम किंवा पेनल्टी. नव्यांना वाटतं की पंच काहीतरी विसरला आणि मग आठवलं. तसं नाही, त्याने वाट पाहिली होती. चूक पेनल्टीची असेल तर हात बाहेर असेपर्यंत चेंडूवाल्या संघाने उंच किक किंवा अवघड पास असा जोखमीचा डाव टाकलेला दिसतो, कारण बिघडलं तरी पेनल्टी शिल्लक आहे.

पेनल्टी मिळाल्यावर कर्णधारासमोर चार वाटा. खांबांकडे मारून 3 गुण. चेंडू मैदानाबाहेर मारायचा आणि तिथून लाइनआउट घ्यायची, म्हणजे दोन्ही संघांच्या रांगांमध्ये बाहेरून चेंडू फेकायचा, आणि ते फेकणंही आपल्याकडेच राहतं. स्क्रम मागायचा. नाहीतर चेंडूला हलका पाय लावून लगेच पळायचं. गोलरेषेपासून 5 मीटरवरची लाइनआउट निवडली तर समजा त्यांना 3 नकोत, 7 हवेत.

मग पेनल्टी इतक्या का?

आंतरराष्ट्रीय सामन्यात दोन्ही संघ मिळून वीसच्या आगेमागे पेनल्टी निघतात. म्हणजे चार मिनिटांना एक. हा आकडा बघून वाटतं की खेळाडू धसमुसळे आहेत किंवा पंच काटेकोर आहेत. खरं कारण वेळेत आहे.

रकमधून चेंडू दोन-तीन सेकंदांत बाहेर आला तर बचावाची ओळ अजून विस्कटलेली असते. काही जण रकमध्ये अडकलेत, काही धावत मागे येतायत, कडेला मोकळी जागा आहे. तोच चेंडू पाच-सहा सेकंदांनी आला तर सगळे जागेवर पोचून भिंत उभी असते. म्हणजे बचाव करणाऱ्याला दोन सेकंदांचा उशीर घडवता आला तर अख्खा हल्ला बोथट होतो. तो उशीर करायचे स्वस्त मार्ग कोणते? लोळून न जाणं, पकड एक क्षण जास्त ठेवणं, बाजूने येऊन पाय घालणं, हात हळूच चेंडूवर ठेवणं. आणि चेंडू असलेल्यांनाही उलटा मोह असतोच: आणखी अर्धा क्षण कवटाळून ठेवला तर साथी पोचतील. दोन्ही बाजूंना नियमाच्या कडेवर राहण्यात फायदा आहे, आणि हे सामन्यात दीडशे वेळा घडतं. त्यातून वीसच पेनल्टी निघाल्या तर पंचाने बरंच सोडून दिलंय असंच म्हणायला हवं. दर रकमध्ये काहीतरी सापडतं. चांगला पंच चेंडूच्या वाटेत आलेल्या चुकीवर वाजवतो आणि बाकीवर तोंडाने ओरडतो: "हँड्स ऑफ", "रोल अवे".

इथे 3 आणि 5 आठवा. आपल्या गोलरेषेसमोर हल्ला चाललाय, आणखी एक जलद रक झाला तर ट्राय नक्की. तेव्हा बचाव करणारा खेळाडू मुद्दाम हात घालतो: 7 गुण देण्यापेक्षा 3 परवडले. नियम करणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक आहे, म्हणून अशा मुद्दाम केलेल्या किंवा वारंवार होणाऱ्या चुकीला पिवळं कार्ड आहे. खेळाडू 10 मिनिटं बाहेर, 15 विरुद्ध 14. पंच कर्णधाराला बोलावून बोट वर करून काही सांगताना दिसला तर समजा, पुढच्या चुकीला कार्ड येणार.

आता योकोहामाचा फलक बघा. मध्यांतराला 12-6. चार पेनल्टी आणि दोन पेनल्टी, एकही ट्राय नाही. 65 व्या मिनिटापर्यंत 18-12, म्हणजे आफ्रिकेच्या हांद्रे पोलार्डच्या सहा आणि इंग्लंडच्या ओवेन फॅरेलच्या चार. रग्बी नवीन असणाऱ्याला वाटेल, तासभर फक्त लाथा मारल्या. पण त्या प्रत्येक तिनामागे एक हरलेला स्क्रम किंवा एक हरलेला रक आहे. दबाव सोसून सोसून इंग्लंडची ओळ फाटली ती शेवटच्या पंधरा मिनिटांत: माकाझोले मापिम्पी आणि चेस्लिन कोल्बे यांच्या दोन ट्राय, आणि 32-12. पेनल्टींचा तास आणि ट्रायची ती मिनिटं एकाच कामाचे दोन भाग होते. भाचीने दुसऱ्यांदा बघताना ते स्वतः सांगितलं, मी काही बोललो नव्हतो.

पहिला सामना बघताना

सगळं एकदम बघू नका. पहिल्या सत्रात प्रत्येक वेळी खेळाडू पडला की एकच गोष्ट बघा: पाडणारा लोळून बाजूला गेला की नाही. वीस मिनिटांत नजर बसते. मग दारातून कोण आला ते बघा. उत्तरार्धात स्क्रम लागला की चेंडू सोडून प्रॉपचं कोपर. ऑफसाइडची रेषा शक्यतो घरी न बघता मैदानावर बघा, कारण तिथे अख्खी ओळ दिसते.

मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी खेळलं जातं, आझाद मैदानाच्या कडेने जाताना ते दिसतंही. भिजलेल्या मातीत चेंडू साबणासारखा निसटतो, त्यामुळे नॉक-ऑन आणि स्क्रम भरपूर होतात, शिकायला ते बरं पडतं. मध्यरेषेच्या कडेला उभं राहू नका. ज्या गोलरेषेकडे हल्ला चाललाय त्या बाजूच्या 22 मीटरच्या रेषेपाशी थांबा. रक गोलरेषेजवळ झाला की मागच्या पायाची ती न आखलेली रेषा तुम्हाला आडवी दिसेल, आणि कोण तिच्या पुढे आलाय ते पंचाच्या आधी कळेल.

एक सावधगिरी: मुंबईत 2025 मध्ये सुरू झालेली रग्बी प्रीमियर लीग ही सात जणांच्या रग्बीची आहे. तिथे सत्रं काही मिनिटांची, स्क्रममध्ये तिघं-तिघंच, आणि मैदान मात्र तेवढंच मोठं. रक कमी होतात, मोकळं पळणं जास्त असतं. पास, नॉक-ऑन आणि दाराचा नियम तिथेही तसाच लागू आहे, पण प्रॉपचं कोपर बघायला पंधरा जणांचा सामनाच शोधावा लागेल.